अर्ज परत आला, की नुसताच गप्प बसला?
ईमेलने पाठवलेला नोकरीचा अर्ज परत आला तर Mail Delivery Subsystem यासारख्या नावाचा प्रेषक तसे कळवतो. अनेक अर्जदारांना कंपनीकडून मिळणारे हे एकमेव उत्तर असते. तरी ते वाचायच्या आतच अर्ज पुन्हा धाडला जातो. वाचण्याजोगा असतो तो त्यातला तीन आकडी कोड. पाचाने सुरू होणारा नकार कायमचा. `550 5.1.1` म्हणजे त्या पत्त्याचा माणूसच तिथे नाही. बहुधा careers मधला एक r गळालेला असतो. पत्ता दुरुस्त करून मूळ अर्ज नव्याने पाठवावा. माफी मागायचे कारण नाही, कारण पहिला अर्ज कोणी पाहिलेलाच नाही.

चाराने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण. तेव्हा सर्व्हर स्वतःच पुनःपुन्हा प्रयत्न करतो, कधीकधी काही दिवसही. उतावळा अर्जदार त्याच संध्याकाळी आणखी दोन प्रती सोडतो. मग अडचण सुटते आणि तिन्ही अर्ज वरातीसारखे एकदम दारात हजर.

काहीच परत आले नाही तर अर्ज बहुधा पोचलेला असतो, फार तर स्पॅममध्ये. शेवटची तारीख जवळ नसेल तर आठवडाभर थांबावे. मग त्याच मेलला उत्तर म्हणून, फाइल पुन्हा जोडून, एवढेच लिहावे: ‘४ तारखेला पाठवलेला अर्ज सोयीसाठी पुन्हा जोडत आहे.’ ‘कृपया पोच द्यावी ही नम्र विनंती’ तीनदा लिहिल्याने नम्रता वाढत नाही. फाइलचे नाव मात्र Resume_final_final2 नसावे.