स्टोरीटेलर, मुक्काम पोस्ट औसा

औशातल्या एका मित्राच्या प्रोफाइलवर होतं : ‘पॅशनेट व्हिज्युअल स्टोरीटेलर. ब्रँड्सना ग्लोबल ओळख देतो.’ आम्ही ते खोडून खरं लिहून दिलं : ‘कोरल ड्रॉमध्ये लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. दहा बाय सहाच्या बॅनरवर चाळीस शुभेच्छुक बसवतो. भाऊंचा फोटो सगळ्यांत मोठा, हे सांगावं लागत नाही. फाइल लातूरला छपाईला धाडण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करतो, नाहीतर तिथल्या संगणकात तो फॉन्ट नसला की भाऊंच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा केला की फाटतो, तेव्हा मूळ फोटो पाठवा. नावं आधीच तपासा. निम्मे पैसे आगाऊ.’

मित्र हिरमुसला, ‘यात व्हिजन कुठाय?’

तुमच्याही प्रोफाइलवर ‘पॅशनेट’ असेल, तर त्या जागी दर लिहा.