विपर्यास झाला हो!

एका गृहस्थांनी फेसबुकवर लिहिलं, 'पुण्यात दुपारी चारनंतर चांगली मिसळ मिळत नाही.' लोकांनी 'चारनंतर' तेवढं गिळलं आणि पुणेकर तुटून पडले. साहेबांनी पोस्ट उडवली; स्क्रीनशॉट तोवर गावभर झाले होते. मग आलं ते पुढाऱ्यांचं ठेवणीतलं वाक्य : 'माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला.' म्हणजे चूक वाचणाऱ्यांची! अहो, मूळ मजकूर तसाच ठेवायचा आणि खाली तारीख घालून एक ओळ जोडायची : 'तक्रार चारनंतरच्या मिसळीची आहे, सकाळच्या नाही.' बस्स. गुपचूप शब्द बदलाल, तर पोस्ट ज्याला दिसते त्याला संपादनाचा इतिहासही उघडता येतो. आणि 'मी पुण्याचाच जावई आहे' हे तर मुळीच लिहू नका. वाद सासरपर्यंत जाईल.