गजाआडचा भाचा

एकत्र कुटुंबाच्या फोटोत एक माणूस नेहमी कमी असतो. तो परदेशी असतो, ड्युटीवर असतो किंवा रुसलेला असतो. मग फोटो माझ्याकडे येतो आणि सोबत निरोप येतो, ‘एवढा याला मध्ये घाल रे!’ जणू भाजीत मीठच घालायचंय.

परवाचा फोटो मामाच्या घराचा. माडीवर लाकडी कठडा, कठड्यामागे सगळं गोत उभं, फोटो खालच्या अंगणातून काढलेला. मावशी आणि मोठा मामा यांच्या मधली जागा रिकामी होती. तिथे दुबईच्या भाच्याला उभं करायचं होतं. खालून काढलेला त्याचा एक फोटो सुदैवाने मिळाला, तो कापून फोटोशॉपमध्ये वर ठेवला. भाचा कठड्याच्या पुढे, हवेत तरंगत उभा राहिला. चेहरा झकास, उजेडही जुळलेला. पण मंडळींत काही तो सामील झाला नाही.

कारण त्याच्या पुढे काहीच नव्हतं. मावशीच्या लुगड्यावर सात गज होते, मामाच्या बंडीवर सहा. आपल्या डोळ्यांना खोली कळते ती बरीचशी यावरूनच, की कोण कुणाला झाकतंय. ज्याला कुणीच झाकत नाही, तो सगळ्यांच्या पुढचा.

तेव्हा भाच्याला गज द्यायचे. खोडरबराने शर्ट पुसत बसू नये. पुसलेलं परत मागता येत नाही. त्यासाठी मास्क असतो. मास्कवर काळा रंग दिला तिथे माणूस लपतो, पांढरा दिला तिथे दिसतो. भाच्याचा लेयर घटकाभर बंद करायचा, मूळ फोटोतला एकेक गज पेन टूलने आखून निवडायचा आणि लेयर पुन्हा चालू करायचा. मग मास्कवर त्या निवडीत काळा भरला की भाचा गजाआड.

यात मेख अशी, की मास्क दोन हवेत. पहिला भाच्याच्या अंगाचा, त्याची कड कापणारा. तो त्याच्याबरोबर हलला पाहिजे. दुसरा कठड्याचा; तो घराचा आहे, जागचा हलता कामा नये. दोन्ही एकाच मास्कवर रंगवले, तर भाच्याला बोटभर डावीकडे सरकवताच शर्टातल्या गजांच्या फटीही त्याच्या मागोमाग डावीकडे जातात. म्हणून भाच्याला एका ग्रुपमध्ये ठेवायचं आणि कठड्याचा मास्क त्या ग्रुपला लावायचा. मग आत भाच्याने हवं तेवढं इकडेतिकडे करावं.

यानंतर गजांच्या कडेला फिकट रेघा दिसू लागल्या. गजाच्या अगदी काठावरचे ठिपके धड लाकडाचे नसतात, धड मागच्या भिंतीचे नसतात. दोन्ही रंग त्यांत मिसळलेले असतात. मामाची भिंत चुन्याची, भाच्याचा शर्ट गडद निळा. त्यामुळे प्रत्येक गजाला चुन्याची किनार राहिली. मास्कमधला काळा पट्टा दोन्ही बाजूंनी एकेक पिक्सेल बारीक केला, शर्ट त्या काठावर चढला आणि किनार गेली. कड मात्र फोटोतल्या इतर कडांइतकीच मऊ ठेवायची. कठडा अंधुक असेल तर मास्कही तितकाच अंधुक हवा. नाहीतर धूसर गजामागे ब्लेडने कापलेला शर्ट दिसतो.

मग सावल्या. मावशीच्या लुगड्यावर गजांच्या तिरप्या सावल्या होत्या, भाच्याच्या शर्टावर एकही नव्हती. मावशीवरून उताराचा अंदाज घेऊन त्याच्याही छातीवर पट्टे ओढले, शर्टाच्या चुण्यांवर थोडे वाकवले.

खरी पंचाईत हाताची. त्याने कठड्यावर हात ठेवलेला हवा, असा मामीचा हट्ट. म्हणजे धड कठड्यामागे, पण बोटं कठड्यापुढे. एकच माणूस मागेही आणि पुढेही! ‘हा पुढे की मागे’ हे अख्ख्या माणसाला विचारून भागत नाही. ते ठिपक्याठिपक्याला विचारावं लागतं. संगणकाने चित्र काढताना नेमकं हेच करावं, दर ठिपक्याचं अंतर टिपून ठेवावं आणि जवळचा असेल तोच दाखवावा, ही युक्ती एडविन कॅटमुल यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात मांडली होती. माझ्याकडे ठिपक्यांची अंतरं नव्हती, मामी होती. खुर्चीची पाठ धरलेला भाच्याचा दुसरा फोटो मागवला, त्यातला हात बसवला आणि कठड्याच्या मास्कवर बोटांपुरता पांढरा रंग परत भरला. बोटांखाली लाकडावर बारीकशी सावली दिली, तेव्हा कुठे पकड आली.

फोटो पाहून मामीचं तोंड उतरलं. “एवढा नवा शर्ट, आणि नेमका खिशावरच गज आला! जरा बाजूला उभं राहायला काय झालं होतं त्याला?”

याहून चांगली पावती मला आजवर मिळालेली नाही. पैसे मात्र तिने गज वजा करून दिले.