खेळा, कमवा आणि भागाकार करा

बुलडाणा जिल्ह्यातला रोजगाराचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. आता खामगावच्या एमआयडीसीत खेटे घालायला नकोत की पुण्याच्या गाडीत जागा धरायला नको. फोनवर रंगीत गोळ्या जुळवायच्या आणि घरबसल्या रोज पाचशे ते हजार रुपये घ्यायचे, असं खुद्द जाहिरातच सांगते. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये दिवसभर घाम गाळून ३१२ रुपये मिळत होते, आणि इथे अंगठा हलवून त्याच्या तिप्पट! एवढ्या दिलदार अ‍ॅपवाल्याला हे पैसे देतं कोण, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

गोळीला गोळी जुळली म्हणून कुणी कुणाला पैसे देत नाही. ते येतात जाहिरातदाराकडून. डाव संपला की तीस सेकंदांची जाहिरात लागते आणि ती शेवटपर्यंत चालली की अ‍ॅपवाल्याच्या खात्यात काही पैसे पडतात. हा भाव हजार वेळा दाखवण्यामागे ठरतो आणि देशागणिक बदलतो. अमेरिकेतल्या डोळ्यांना तो चढा मिळतो, आपल्या डोळ्यांना पडेल, कारण जाहिरात पाहून आपण फारसं काही विकत घेत नाही. हिशेबापुरते हजार वेळांचे शंभर रुपये धरू. म्हणजे एका जाहिरातीचे दहा पैसे. खेळता खेळता तासाला चाळीस जाहिराती पाहिल्या तर झाले चार रुपये. अ‍ॅपवाल्याने कर्णाचा अवतार घेऊन त्यातले निम्मे तुम्हाला दिले, तरी तुमच्या वाट्याला तासाला दोन. रोजगार हमीची ती एका दिवसाची मजुरी कमवायला १५६ तास, म्हणजे रोज आठ तास बसलात तरी वीसेक दिवस. माझा भाव कंजूष वाटत असेल तर दुप्पट धरा, दहा दिवस लागतील. रोज पाचशे रुपये देणारा अ‍ॅपवाला एक तर दिवाळं काढणार किंवा थापा मारतोय, आणि दिवाळं निघाल्याचं काही दिसत नाही.

‘तासाला दोन रुपये’ असं स्पष्ट लिहिलं तर कोण खेळेल? म्हणून नाणी. पहिल्या डावाला हजार, दुसऱ्याला आठशे, असा पाऊस पडतो. शंभर रुपयांशिवाय पैसे काढता येत नाहीत, आणि ऐंशीपर्यंत तर तुम्ही दोन दिवसांत पोचता. मग पाऊस ओढ देतो. नव्वदनंतर डावाला पाच-दहा नाणी. शेवटचे चार रुपये गाठता गाठता माणूस कंटाळून अ‍ॅप काढून टाकतो, आणि त्याचे शहाण्णव रुपये अ‍ॅपवाल्याकडेच राहतात. असे अडकलेले पैसे धंद्याचा अपघात नव्हेत, ती मिळकतच आहे. बाजार समितीत सोयाबीनला ओलाव्याची कपात लागते तेव्हा निदान काटा आपल्या डोळ्यांसमोर असतो. इथे काटाही त्यांचा, मापही त्यांचं, आणि नाण्याचा भाव कधीही बदलण्याचा हक्कही, जो आपण न वाचता मान्य केलेल्या अटींमध्ये असतो.

‘पण मोठ्या ऑफरचे पैसे मिळतात की!’ असा आक्षेप येईल. मिळतात, कधीकधी. अमुक खेळ उतरवा, चौदा दिवसांत तिसावी पातळी गाठा, दीडशे रुपये घ्या. खेळाची कंपनी हे पैसे देते, कारण शंभरातले दोन-चार जण पुढे खेळात स्वतःचे पैसे घालतील असा तिचा अंदाज असतो. त्यामुळे विसाव्या पातळीपर्यंत घसरगुंडी आणि पंचविसाव्यानंतर घाट. शिवाय घाटाच्या पायथ्याशी ‘९९ रुपयांत लवकर पोचा’ अशी पाटी. त्यातून पोचलात, तरी तो खेळ त्यांच्याच दुव्यावरून उतरवला होता का, आधी कधी फोनवर होता का, मागोवा घ्यायची परवानगी दिली होती का, यातलं एक जरी चुकलं तरी ‘पडताळणी सुरू आहे’. ती सुरूच राहते.

दुसरा आक्षेप: वेळ असाही वायाच जातो. जातो खरा, पण डेटा, बॅटरी आणि फोन नंबर त्याच्यासोबत जातात. आणि तिसरा: सरकारने बंदी घातली ना? ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याच्या महिनाभर आधी राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेतला रमीचा व्हिडिओ गाजला, तेव्हा आपण खेळत नव्हतो, फोनवर आलेला खेळ घालवत होतो, असा खुलासा त्यांनी केला होता. पुढे त्यांना क्रीडा खातं मिळालं. असो. पण गोळ्या जुळवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तुम्ही पैसे लावतच नाही, फक्त तास लावता, आणि तासांच्या जुगारावर बंदी नाही.

मात्र पैसे काढताना ‘आधी दोनशे रुपये प्रक्रिया शुल्क भरा’ किंवा ‘कर भरा, मग रक्कम सुटेल’ असं आलं, तर तो खेळ उरत नाही, सरळ फसवणूक होते. खरा देणारा आपल्याकडे आधी मागत नाही. भरले असतील तर लाज न धरता त्याच दिवशी १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. उशीर केलात तर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले असतात.