निरोपाच्या वर्गणीचे थकबाकीदार

मुक्काम हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली.

राजमान्य राजेश्री निरोप समारंभ निधीचे स्वयंनियुक्त कोषाध्यक्ष यांसी, कार्यालयातील एका लेखनिकाचे सविनय नमस्कार विनंती विशेष.

आपल्या कार्यालयातील शिपाईमामा 31 मे रोजी दुपारी सेवानिवृत्त झाले. मराठवाड्यात ज्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख न विचारता दाखल्यावर 1 जून असा मजकूर लिहून टाकला, ती सारी पिढी 31 मे या एकाच दिवशी निवृत्त होते. मामाही त्याच पिढीतले. चतुर्थ श्रेणीचे असल्यामुळे अठ्ठावन्नाऐवजी साठाव्या वर्षी त्यांना घरी जाण्याची आज्ञा झाली, इतकाच काय तो फरक. समारंभ यथासांग पार पडला, मामांना आरामखुर्ची मिळाली, भाषणांत त्यांच्या निष्ठेचा गौरव झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपटाच्या शेजारी, सूचनाफलकावर, आपल्या सुवाच्य अक्षरातली एक फर्द झळकली. तिच्याविषयी चार शब्द जाहीरपणे लिहावेत, कारण ती फर्दही जाहीरच आहे.

प्रथम आपल्या परिश्रमांबद्दल आदर व्यक्त करणे माझे कर्तव्य आहे. चौदा वर्गणीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने लिहावीत, साहेबांचे नाव तांबड्या शाईने शिरोभागी यावे, सफाईच्या मावशींचे नाव तळाशी, जेथे फलकाची टाचणी गंजली आहे नेमके तेथे यावे, ही रचना सहज सुचणारी नव्हे. फर्दीतील आकडे असे : साहेबांचे 1000, दोघांचे प्रत्येकी 500, आम्हां चौघांचे प्रत्येकी 300, चौघांचे प्रत्येकी 200, दोघांचे प्रत्येकी 100 आणि मावशींचे 50. एकूण जमा 4250. खर्च : वसमतच्या बाजारातून आणलेली आरामखुर्ची 3000, शाल व श्रीफळ 550, पेढे 500, मानपत्राची चौकट 200, हार 150, एकूण 4400. तूट 150, जी आपण पदरमोड करून भागविली. येथवर कोणाही हिशेबनीसाने मान डोलवावी. परंतु आपण येथे थांबला नाहीत.

खर्चाला चौदांनी भागून आपण दरडोई हिस्सा 314 रुपये 29 पैसे असा काढला, आणि ज्यांनी त्याहून कमी दिले त्यांच्या नावापुढे ‘थकबाकी’ असा शेरा मारला. या एका भागाकाराने चौदांपैकी अकरा माणसे थकबाकीदार झाली. तीनशे रुपये देऊन रात्री सुखाने झोपी गेलेल्या माझ्यासारख्याकडे सकाळी 14 रुपये 29 पैसे येणे निघाले. सरासरीचा हा स्वभावच आहे : वर बसलेला एक हजाराचा आकडा तिला आपल्याकडे ओढून घेतो आणि मग बाकीचे बहुतेक जण तिच्याखाली सापडतात. रकमा क्रमाने मांडून मधोमध बोट ठेवले असते, तर ते तीनशे आणि दोनशे यांच्या दरम्यान, अडीचशेवर पडले असते, आणि आपल्या कार्यालयात सामान्यतः किती दिले गेले हे त्या बोटाने अधिक प्रामाणिकपणे सांगितले असते. परंतु अडीचशेच्या हिशेबाने थकबाकीदार सातच निघतात, आणि अकरांवर तगादा करण्यात जो अधिकाराचा भर आहे, तो सातांवर करण्यात कोठून यावा?

आता आपल्याच सिद्धांताची तड लावून पाहू. अकरा जणांची थकबाकी 1207 रुपये 14 पैसे होते. ती पूर्ण वसूल झाली असे क्षणभर समजा. त्यांतून आपले पदरचे 150 वजा जाता 1057 रुपये 14 पैसे उरतात, आणि समान हिश्श्याच्या न्यायाने ही रक्कम ज्यांनी अधिक दिले त्या तिघांना परत केली पाहिजे. साहेबांना 685 रुपये 71 पैसे परत मिळतील. म्हणजे मावशींनी आणखी 264 रुपये 29 पैसे आणून द्यायचे, ज्यांचे वेतन कंत्राटदाराच्या मर्जीने मागेपुढे होते. आणि ते कोणाकडे जायचे, तर ज्यांना एवढ्या रकमेचा विसरही पडला असेल अशा साहेबांकडे. ही वसुली पूर्ण झाल्यावर मामांच्या खुर्चीला एक खिळाही अधिक लागणार नाही. केवळ खालचा पैसा वर जाईल. निजामाच्या अमदानीत हा परगणा हैदराबाद संस्थानात होता आणि 1948 च्या सप्टेंबरापर्यंत येथल्या अंमलदारांना वर नजर करण्याची सवय होती. पण त्या नजराण्यातही, माझ्या समजुतीप्रमाणे, खालच्याने शिपायाच्या निमित्ताने साहेबाला पैसे परत करण्याची तरतूद नव्हती. ही सुधारणा सर्वस्वी आपली.

विषय निघालाच आहे म्हणून स्मरण देतो. केंद्र शासनाच्या 1964 च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांतील चौदाव्या नियमाखाली एक टीप आहे, जी प्रत्येक कार्यालयातील कोषाध्यक्षाने खिशात ठेवावी. निरोपाचा समारंभ कितीही खाजगी व अनौपचारिक असला, तरी त्यासाठी वर्गणी द्यावी म्हणून कोणत्याही कर्मचाऱ्यावर कसलेही दडपण आणणे तीत निषिद्ध मानले आहे. आणि तृतीय व चतुर्थ श्रेणीतील माणसांकडून, त्या श्रेणींबाहेरच्या अधिकाऱ्याच्या सत्कारासाठी, कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करण्यास मनाई केली आहे. आपण राज्य शासनाचे नोकर, आपल्याला 1979 चे वर्तणूक नियम लागू, हे मी जाणतो. परंतु टिपेमागील विवेक दिल्लीतच ठेवावा असे कोठे लिहिलेले नाही. मामांसाठी वर्गणी काढण्यात या टिपेच्या दृष्टीने काहीच गैर नव्हते. गैर आहे ते दडपण. आणि हजेरीपटाशेजारी लावलेल्या उतरत्या क्रमाच्या यादीइतके मूक व सर्वंकष दडपण मला तरी ठाऊक नाही. पूर्वीच्या साहेबांच्या बदलीच्या वेळी सरसकट पाचशेचा दर ठरला होता आणि तेव्हा अशी फर्द लागली नव्हती, कारण सर्वांनी मुकाट्याने दिले होते. टिपेच्या कसोटीवर ती वर्गणी कशी उतरली असती, याचा विचार आपण फावल्या वेळी करावा.

आता त्या दीडशेच्या तुटीकडे वळतो, कारण मला वाटते खरा हिशेब तेथेच आहे. आपल्या वहीत आरंभी 4550 रुपये मांडले होते. ते जमा झालेले नव्हते, बोललेले होते. एका अव्वल कारकुनांनी पाचशे म्हटले व लेकीच्या प्रवेशाची फी आडवी आल्याने तीनशे दिले. संगणकावर बसणाऱ्या कंत्राटी मुलाने दोनशे म्हटले व पगार न झाल्याने शंभर दिले. हे तीनशे रुपये हाती येण्यापूर्वीच आपण 4400 चा खर्च ठरविला, दीडशे शिल्लक राहील असे गृहीत धरले, आणि तेच दीडशे उलट बाजूने तूट होऊन आपल्या अंगावर आले. तेव्हा तुटीचे कारण मावशींचे पन्नास नव्हेत. त्यांनी पन्नास म्हटले होते व पन्नासच दिले. चौदा जणांत शब्दाचे इतके पक्के वर्गणीदार सगळेच नव्हते. बोललेली रक्कम कीर्दीत जमेला धरायची नसते, हे आपण सरकारी रकमेच्या बाबतीत आम्हांला कितीदा तरी सुनावले आहे.

आणखी एक जमा आपल्या फर्दीत मुळीच नाही. वसमतहून खुर्ची आणण्याचे भाडे खर्चाच्या बाजूला दिसत नाही, याचे नवल वाटून मी चौकशी केली, तेव्हा कळले की रात्रीच्या पहारेकऱ्याने भावाची गाडी विनामूल्य आणली होती. त्याच पहारेकऱ्याच्या नावापुढे आपण ‘100, थकबाकी 214.29’ असे लिहिले आहे. हिशेबाला पैसा दिसतो, गाडी दिसत नाही. ते ठीकच आहे, पण मग अशा हिशेबाने माणसांची प्रतवारी करू नये.

माझी सूचना अगदी जुन्या दफ्तरी पद्धतीची आहे. नावनिशीवार रोजकीर्द आपल्याजवळ असावी आणि ज्याला शंका असेल त्याला त्याच्यापुरती ओळ दाखवावी. फलकावर केवळ तेरीज लावावी : वर्गणीदार चौदा, जमा इतकी, खर्चाची पाच कलमे, प्रत्येकाची पावती क्रमांकासह, आणि शिल्लक किंवा तूट. नावे नकोत. वर्गणीची मुदत समारंभाच्या पाच दिवस आधी संपवावी आणि खुर्ची त्यानंतर, हातातल्या रकमेकडे पाहून घ्यावी. कमी पडले तर पेढे कमी करावेत, माणसे कमी लेखू नयेत. काही कार्यालयांत बंद पेटी ठेवतात, तिचाही विचार करावा. तिचा दोष एवढाच की कोणी किती टाकले याची रुजवात घेता येत नाही, म्हणून ती दोघांनी मिळून, सर्वांसमक्ष उघडून मोजावी लागते. आणि मोबाईलवरून आलेले पैसे पाठविणाऱ्याचे नाव सांगतातच, ते त्याच दिवशी काढून पेटीत टाकावे लागतात. एवढी कटकट पत्करली की कोषाध्यक्षाला मावशींचे पन्नास कोणते आणि साहेबांचे हजार कोणते हे कळत नाही, आणि न कळणे हाच तिचा गुण.

उरले आपले दीडशे. ते निधीच्या अंदाजपत्रकातील चुकीपोटी खर्ची पडले असल्याने मागायचेच असतील, तर ज्यांनी हिश्श्याहून अधिक दिले त्या तिघांकडे एकांतात मागून पाहावेत. साहेब नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणालेच तर आपल्याला सरासरीचा दुसरा एक धडा मिळेल.

माझ्यापुरते म्हणाल तर मी आपला निर्णय शिरसावंद्य मानून 14 रुपये 29 पैसे भरण्यास सिद्ध आहे. अडचण इतकीच की पंचवीस पैसे व त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली, आणि मोबाईलवरून पैसे स्वीकारायचे नाहीत, कारण त्यांची नोंद राहते, असे आपणच सांगितले आहे. तेव्हा वरचे एकोणतीस पैसे कोणत्या नाण्यांत, कोणाकडे व कोणत्या पावतीवर जमा करावेत, याचा लेखी खुलासा त्याच फलकावर व्हावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
अनुक्रमांक सातवरील थकबाकीदार