आमच्या आजीच्या नव्या नातवास अनावृत पत्र

तुमसर, जि. भंडारा

श्रीयुत संकेतस्थळमालक यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

धानाच्या रोवणीवरील माझा लेख आपल्या संकेतस्थळावर पहिल्या अक्षरापासून अखेरच्या पूर्णविरामापर्यंत जसाच्या तसा अवतरलेला पाहून आपल्या रसिकतेविषयी आदर वाटला. परंतु लेखकाच्या जागी आपले शुभनाम आणि तळाशी ‘साभार : इंटरनेट’ अशी नोंद वाचून, आपण नेमके कोणाचे आभार मानले याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. दिवसभर बांधीत पऱ्हे रोवून सायंकाळी धुऱ्यावर बसून पायांचा चिखल खरवडणारी त्या लेखातील आजी माझी आहे. ‘माझी आजी’ हे शब्दही आपण तसेच ठेवल्यामुळे ती वारस बदलून आपल्या घरी नांदू लागली, आणि याची वर्दी मात्र मजपर्यंत आली नाही.

भंडारा जिल्ह्यात धान पिकते, तुमसर रोडहून तिरोडीकडे रेल्वेचा फाटा जातो, ही माहिती कोणाच्याही मालकीची नव्हे. ती घेऊन आपण स्वतःच्या भाषेत दहा लेख लिहिले असते, तरी माझी हरकत नसती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने रक्षण केले आहे ते त्या माहितीस दिलेल्या शब्दरूपाचे, आणि हे रक्षण लेख लिहिला जाताच लाभते. त्यासाठी दफ्तरी नोंदणीची सक्ती नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे ते टिकते. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करण्याची मुभा कलम ५२ देते; सबंध लेख उचलून खाली ‘साभार’ लिहिल्याने मात्र परवानगी मिळाली असे होत नाही. शिवाय लेखावर लेखकाचे नाव असण्याचा हक्क कलम ५७ मध्ये स्वतंत्रपणे सांगितला आहे, आणि हक्क विकल्यानंतरही तो लेखकापाशीच राहतो.

आपल्या पानाची छायाप्रत, त्याचा पत्ता व तारीख यांसह मी जपून ठेवली आहे, कारण पान पुसले गेले की पुरावाही जातो. प्रकरण पुढे गेलेच, तर कलम ६२ अन्वये दावा मी राहतो तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे भंडाऱ्यास, गुदरता येतो. आपला मुक्काम कितीही दूर असला तरी तारखांस इकडे यावे लागेल. असे कष्ट आपणांस द्यावेत अशी माझी इच्छा नाही.

म्हणून विनंती एवढीच की, हे पत्र पोहोचल्यापासून सात दिवसांच्या मुदतीत लेख काढून टाकावा आणि तसे लेखी कळवावे. ठेवावयाचाच असल्यास आधी माझी लेखी परवानगी घ्यावी व वर माझे नाव छापावे. आजीविषयी मात्र तडजोड नाही. आपल्याही घरी एखादी असेलच. तिच्यावर आपण स्वतः लिहावे, मी तो लेख आवडीने वाचीन, आणि उचलणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मूळ लेखक