संबंधित वाहन

शब्दांवाचून पाठवलेले छायाचित्र हा सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवरील तक्रारीचा सर्वांत सभ्य प्रकार समजला जातो, कारण त्यात तक्रार पूर्ण असते आणि तक्रारदाराने मात्र काहीच म्हटलेले नसते. टँकरच्या वाटेत आडवी लावलेली पांढरी मोटार, तिच्या पाठीवरची ठसठशीत नंबरप्लेट आणि खाली मजकुराची जागा रिकामी, एवढ्यावर दोनशे सभासदांना सगळे कळते. दोनशे एकावा सभासद अंध असतो. त्याचा मोबाइल पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. येथे वाचण्यास मजकूरच नसल्याने तो ‘फोटो’ एवढेच उच्चारून गप्प बसतो. त्या सभासदाने ‘कोणाची गाडी? नंबर काय?’ असे विचारले की समितीला गोपनीयतेचे स्मरण होते आणि ‘संबंधित वाहनाचा क्रमांक जाहीर करता येणार नाही’ असे उत्तर तत्परतेने येते.

ज्या वस्तूचा एकमेव उपयोग अनोळखी माणसाने ती लांबून वाचावी हा आहे, तिलाच गुपित ठरवण्याचा हा प्रकार होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० नुसार क्रमांक वाहनाच्या पुढे आणि मागे स्पष्ट दिसेल असाच लावावा लागतो, तोही इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, त्यापुढील १२ म्हणजे पुणे, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी क्रमांक. या मालिकेत ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे टाळतात, कारण वाचणाऱ्याने ती एक आणि शून्य समजू नयेत. वाचणाऱ्याची इतकी काळजी घेतलेले दुसरे लेखन मराठी मुलखात सापडणे कठीण आहे.

प्रस्तुत मोटारीचा शेवटचा क्रमांक ४१४१ होता. (मधली अक्षरे येथेही गाळली आहेत, न जाणो, समिती हे सदर वाचत असायची.) हा क्रमांक आपोआप मिळत नाही, तर पसंती क्रमांक म्हणून जादा शुल्क भरून घेतला जातो, कारण इंग्रजी चार किंचित वाकवला की त्याचा ‘द’ होतो, एकाचा काना होतो आणि प्लेटवर ‘दादा’ अवतरतात. असे वाकवणे नियमात बसत नाही, हा भाग वेगळा. म्हणजे मालकाने पैसे मोजून, नियम मोडून, रस्त्यावरच्या प्रत्येकाने आपल्याला मोठ्याने वाचावे अशी व्यवस्था केली होती, आणि समिती त्याच्या एकांताचे रक्षण करीत होती. एका सभासदाने ‘मागे दादा लिहिलेली गाडी’ असा मध्यममार्ग सुचवला, तेव्हा आकड्याचे अक्षर झाल्यावर ती वैयक्तिक माहिती राहते की साहित्य होते, यावर चाळीस संदेश पडले. अखेर चिटणिसांनी छायाचित्रातील प्लेटवर बोटाने काळा फराटा ओढून ते पुन्हा पाठवले. मूळ छायाचित्र त्याच्या वरच होते.

क्रमांकामागे गोपनीयतेचा प्रश्न मुळीच नाही, असे नव्हे. मात्र तो आकड्यांत नसतो, सांधण्यात असतो. सुटा क्रमांक कोणाचेही घर सांगत नाही. तो जागा, वेळ आणि माणूस यांना जोडला गेला, म्हणजे अमुक गाडी रोज रात्री अमुक इमारतीखाली असते असे कळले, की त्याची पाळत होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेली माहिती वगळली आहे. नंबरप्लेट त्या अपवादात बसते की नाही, यावर वकिलांनी खुशाल भांडावे. चिटणिसांच्या फराट्याखाली क्रमांक गेला आणि मागच्या काचेवरील पार्किंगचे स्टिकर, ज्यावर विंग आणि फ्लॅट क्रमांक ठळक छापलेला होता, तेवढे शाबूत राहिले.

आणि याच समितीच्या फाटकावर एक वही असते. तिच्यात येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, कोणत्या फ्लॅटमध्ये, किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे सारे एका ओळीत, म्हणजे नेमके सांधून, लिहून घेतात. ती वही उघडी पडलेली असते, पुढचा पाहुणा पेन शोधेपर्यंत मागच्या वीस जणांचे भ्रमणध्वनी वाचून काढतो, भरलेली वही रद्दीत जाते आणि तिच्या कागदात कोपऱ्यावरचा भेळवाला भेळ बांधून देतो. त्याबद्दल एकाही सर्वसाधारण सभेत एकाही सद्गृहस्थाने तोंड उघडलेले नाही! गोपनीयता आठवली ती फक्त डोळे नसलेल्या माणसाने प्रश्न विचारल्यावर. दोनशे जणांनी पाहिलेली गोष्ट एकट्या त्याच्यापासून लपवली गेली आणि या उद्धटपणाला धोरण असे नाव देण्यात आले.

त्या सभासदाने शेवटी खाली जाऊन पहारेकऱ्याला विचारले. पहारेकऱ्याने वही उघडली आणि नंबर, नाव, मोबाइल असे सारे अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवले. मोटार त्याच सभासदाकडे पाहुणे आलेल्या जावयाची होती. किल्ली खाली येईपर्यंत टँकर परत गेला होता.

संध्याकाळी ग्रुपवर कोरड्या नळाचे छायाचित्र आले. मोबाइल म्हणाला, ‘फोटो’.